पाच विहिरी, एक ड्रोन आणि २० गुण

पहिल्या व्हिडिओला मी २० पैकी १८ गुण दिले होते आणि दुसऱ्याला ११. नववीचा वर्ग, जलसुरक्षेचा प्रकल्प, विषय 'आमच्या गावाचं पाणी उन्हाळ्यात कुठे जातं?', लांबी तीन मिनिटं, चार-चार जणांचे गट. पहिला व्हिडिओ सुरू झाला तोच आकाशातून. खाली भरलेलं धरण, हिरवे डोंगर, मागे बासरी, मग मोठ्या अक्षरांत नाव. वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि खरं सांगायचं तर मीही वाजवल्या. दुसऱ्यात चित्र हलत होतं, वाऱ्याने आवाज फाटत होता आणि एक मुलगी विहिरीच्या काठावर उभी राहून सांगत होती, "इथलं पानी उन्हाळ्यात काहून आटते ते पाहू." टाळ्या पडल्या, पण शिष्टाचारापुरत्या.

संध्याकाळी घरी गुणपत्रिका भरताना लक्षात आलं की पहिल्या व्हिडिओतलं ते धरण आमच्या अमरावती जिल्ह्यातलं नव्हतंच. बहुधा आपल्या राज्यातलंही नव्हतं. तो तुकडा इंटरनेटवरून उतरवून घेतलेला होता. दुसऱ्या गटाने मात्र दोराला दर फुटावर गाठ मारून, खाली दगड बांधून गावातल्या पाच विहिरींचं पाणी काठापासून किती खोल आहे ते दिवाळीनंतरचे सलग चार रविवार मोजलं होतं. म्हणजे प्रश्न होता गावच्या पाण्याचा आणि गुण गेले होते ड्रोनला.

ही चूक केवळ माझी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांचे गुण वेगवेगळे द्यायचे होते. पण जो रुबाबदार, तो बुद्धिमानही ठरत होता आणि विश्वासूही. एका गोष्टीचं तेज बाकीच्या सगळ्यांवर पसरत होतं. त्याच्याही आधी, १९१२ साली, स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण आले होते. कागदावरच्या निबंधाची ही गत, तर संगीत, रंग आणि हलती चित्रं असलेल्या व्हिडिओची काय होईल?

मग मी आणि आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर बसलो आणि एक तक्ता केला. शिक्षणाच्या भाषेत त्याला रुब्रिक म्हणतात. लॅटिनमधल्या 'लाल' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं, कारण जुन्या युरोपीय हस्तलिखितांत मथळे आणि सूचना लाल शाईने लिहीत. आपल्या पोथ्यांतही मथळे आणि दंड हिंगुळाने लाल केलेले दिसतातच. आमचा तक्ता निळ्या शाईत होता आणि पाठकोऱ्या कागदावर.

चार निकष ठरवले: आशय, स्पष्टता, आवाज आणि गटकाम. प्रत्येकाला चार पायऱ्या. पायऱ्या मुद्दाम सम संख्येत घेतल्या. पाच ठेवल्या की हात आपोआप तीनवर जातो. मधली जागा म्हणजे न ठरवण्याची सोय. चारच असल्या की निदान 'वरच्या अर्ध्यात की खालच्या' एवढं तरी ठरवावं लागतं. आशयाचे गुण दुप्पट धरले, कारण प्रकल्प पाण्याचा होता, चित्रपटाचा नव्हता. त्यामुळे आशयाचे ८ आणि बाकी तिघांचे ४-४, असे २० झाले. काहीच न दिल्यास शून्य.

पहिला मसुदा मात्र फुकट गेला. त्यात आम्ही 'उत्कृष्ट', 'चांगलं', 'बरं', 'सुधारणा हवी' असं लिहिलं होतं. हे शब्द वापरून तपासलं तर माझे जुनेच गुण नव्या कपड्यांत परत आले. 'उत्कृष्ट' म्हणजे काय हे शेवटी माझं मनच ठरवणार, आणि मन बासरीवर खूश होतं. तेव्हा विशेषणं काढली आणि पायरीत फक्त दिसणाऱ्या किंवा मोजता येणाऱ्या गोष्टी लिहिल्या. आशयाची चौथी पायरी अशी झाली: मूळ प्रश्नाचं उत्तर मिळतं, त्यामागे गटाने स्वतः मोजून, पाहून किंवा विचारून आणलेली किमान दोन निरीक्षणं आहेत, ती कधी आणि कशी घेतली ते सांगितलंय आणि माहितीत चूक नाही. तिसरी पायरी म्हणजे निरीक्षणं आहेत, पण एखादं चुकीच्या रीतीने घेतलंय किंवा कसं घेतलं ते सांगितलेलं नाही, तरी उत्तर टिकतं. दुसरी म्हणजे माहिती बरोबर आहे, पण सगळी पुस्तकातली किंवा इंटरनेटवरची. पहिली म्हणजे प्रश्नाचं उत्तरच नाही किंवा मुख्य माहिती चुकीची.

या वाक्यांनी ड्रोनचा व्हिडिओ तपासला तर तो सरळ दुसऱ्या पायरीवर बसला. पाऊस, भूजल, पुनर्भरण, सगळं बरोबर सांगितलं होतं, पण गावचं एक वाक्य नव्हतं. विहिरींच्या गटाला मी उत्साहाने चौथी पायरी देणार होते. विज्ञानाच्या सरांनी हात धरला.

"मॅडम, वेळ बघा." व्हिडिओत मुलांनी मोजणीचा तक्ता दाखवला होता. तीन विहिरी सकाळी सहाच्या सुमारास मोजलेल्या आणि दोन साडेअकराला. रब्बीचे दिवस होते. साडेअकरापर्यंत त्या दोन विहिरींवरच्या मोटारी काही तास चाललेल्या. मोटार चालली की पाणी तात्पुरतं खाली जातं आणि बंद केल्यावर झऱ्यांनी हळूहळू वर येतं. म्हणजे त्या दोन आकड्यांत ऋतूपेक्षा मोटारच जास्त बोलत होती. विहिरीचं पाणी मोजायचं तर पहाटे, उपसा सुरू व्हायच्या आधी. पहिल्या तीन विहिरी मात्र नीट मोजल्या होत्या. त्यातल्या एकीचं पाणी काठापासून २१ फुटांवर होतं, ते चौथ्या रविवारी २४ फुटांवर गेलं. उत्तर टिकत होतं, पण पद्धतीत चूक होती. तिसरी पायरी. मुलांना नंतर हे समजावलं तेव्हा त्यांना वाईट वाटण्याऐवजी ते दुसऱ्या रविवारचे आकडे उलटसुलट का आले होते याचं कोडं सुटलं. '११ गुण' या शेऱ्यातून ते कधीच सुटलं नसतं.

स्पष्टतेवर आमचं जमेना. मी विहिरींच्या गटाला ३ दिले होते, सरांनी २. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांचे गुण न बघता तपासायचं असा आमचा नियम होता, म्हणून हा फरक उघड तरी झाला. कारण विचारलं तर सर म्हणाले, चित्र हलतंय आणि भाषा शुद्ध नाही. आमच्याच तक्त्यात लिहिलं होतं, 'चित्र व भाषा स्पष्ट.' दोष सरांचा नव्हता, वाक्याचा होता.

स्पष्टता या शब्दात तीन गोष्टी दडून बसतात. एक चित्राचा तलमपणा. तो मुलाचा नसतो, वडिलांच्या फोनचा असतो. एकाच्या घरी तीस हजारांचा फोन आणि दुसरीला शेजारच्या काकूंकडून रविवारी दोन तास मागून आणलेला, तडा गेलेला. चित्र तलम म्हणून गुण दिले तर आपण कुटुंबाचं उत्पन्न तपासतो आहोत. दुसरी गोष्ट बोली. 'काहून' म्हटल्याने अर्थ अस्पष्ट होत नाही. आमच्या गावात तर 'का' म्हटल्यापेक्षा तो लवकर पोचतो. कोकणात मालवणी, खानदेशात अहिराणी, हाच न्याय. बोलीचे गुण कापायचे असतील तर तसं आधी छापून द्यावं आणि मग पालकांना तोंड द्यावं. तिसरी गोष्ट, जी खरी, ती म्हणजे बघणाऱ्याला समजतंय का. क्रम लागतोय का, पडद्यावरचा मजकूर वाचून होईपर्यंत टिकतोय का, जे बोललं जातंय तेच दिसतंय का.

म्हणून आम्ही वाक्य बदललं आणि सोबत एक चाचणी लावली. ज्याने व्हिडिओ पाहिलेला नाही अशा आठवीतल्या एका मुलाला तो एकदाच दाखवायचा आणि विचारायचं, 'काय सांगितलं यांनी?' मुख्य मुद्दा आणि त्याचं कारण दोन्ही सांगता आलं तर चौथी पायरी. मुद्दा सांगितला, पण मध्ये कुठे गोंधळ झाला तर तिसरी. तुकडेच आठवले तर दुसरी. काहीच सांगता आलं नाही तर पहिली. ड्रोनच्या गटाला ४ मिळाले आणि ते हक्काचे होते. त्यांची मांडणी खरोखर नितळ होती. विहिरींच्या गटाला ३. चौथ्या विहिरीपाशी आठवीतल्या मुलाला कुठली विहीर कुठली ते कळेनासं झालं होतं. सरांनीही ३ मान्य केले. मुलगा प्रत्येक गटासाठी वेगळा घ्यावा लागतो, हेही आम्हाला नंतर सुचलं. तिसऱ्या व्हिडिओपर्यंत एकच मुलगा पाण्यातला तज्ज्ञ होऊन बसतो.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण शाळेतले व्हिडिओ सर्वांत जास्त इथेच बुडतात आणि तरी शिक्षक चित्रावर बोलत राहतात. चित्र हललं तर माणूस सहन करतो, वाक्य ऐकू आलं नाही तर पुढे बघत नाही.

फोनचा मुख्य माईक बहुतेक वेळा खालच्या कडेला, चार्जरच्या भोकाशेजारी असतो. फोन आडवा धरला की नेमका तिथेच तळहात येतो. ही झाली पहिली चूक. दुसरी अंतराची. बोलणारा दुप्पट लांब गेला की माईकपर्यंत पोचणारी आवाजाची ताकद चौथाई होते. अख्खी विहीर चौकटीत यावी म्हणून कॅमेरावाला दहा पावलं मागे सरकतो, चित्र छान येतं आणि आवाज वाऱ्यावर जातो. तिसरी गोष्ट मुलांना भुताटकीसारखी वाटते: बोलणारी थांबली की पंख्याची घरघर एकदम वाढते. बरेच फोन शांतता आली की आपणहून माईकची संवेदना वाढवतात. आवाज कमी वाटला म्हणून फोनने कान टवकारले, आणि समोर पंखाच होता. पंखा बंद करून बोलणं हा त्यावरचा उपाय. दुसरं सॉफ्टवेअर लागत नाही.

उघड्यावरचं चित्रीकरण करताना दुसरा साधा फोन बोलणाऱ्याच्या खिशात, माईकची बाजू वर ठेवून, फक्त आवाज टिपायला लावावा. सुरुवातीला दोन्हींसमोर एक जोरदार टाळी वाजवावी. नंतर चित्रात हात भिडतो तो क्षण आणि आवाजातला टाळीचा ठोका जुळवला की बाकीचं सगळं जुळतं. सिनेमावाले पाटीची फळी आपटतात ती यासाठीच. वाऱ्यासाठी माईकवर पातळ सुती रुमाल बांधावा. आणि सूत्रधाराचं निवेदन घरात करायचं असेल तर रिकाम्या खोलीत नको, तिथे आवाज घुमतो. गोधड्यांची घडवंची असलेली खोली बघावी.

हे सगळं मुलांना प्रकल्प देतानाच सांगितलं तरच त्यावर गुण मोजण्याचा आपल्याला हक्क आहे. आवाजाच्या पायऱ्या सोप्या आहेत. सगळी वाक्यं एका ऐकण्यात कळतात आणि आवाज मध्येच कमी-जास्त करावा लागत नाही, ही चौथी. एक-दोन शब्द निसटतात, अर्थ निसटत नाही, ही तिसरी. काही वाक्यं परत ऐकावी लागतात, ही दुसरी. मुख्य भागच ऐकू येत नाही, ही पहिली. तपासताना मी पडद्याकडे पाठ करून बसते. डोळे मिटले तर लगेच उघडावेसे वाटतात. यात संगीताला गुण नाहीत. संगीताने निवेदन झाकलं तर मात्र ते कापले जातात. ड्रोनच्या गटाला इथेही ४ मिळाले, त्यांचं निवेदन बंद खोलीत, जवळून केलेलं होतं. विहिरींच्या गटाला २.

एक बारीक गोष्ट, जिने पहिल्या वर्षी आम्हाला फसवलं. काही गटांनी व्हिडिओ पेनड्राइव्हवर आणले, काहींनी व्हॉट्सॲपवर पाठवले. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि चित्र पुसट होतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. एकाचा प्रोजेक्टरवर, एकाचा माझ्या फोनवर, असंही आम्ही पाहिलं होतं. आता सगळे एकाच मार्गाने येतात आणि एकाच संगणकावर, एकाच स्पीकरवर, आवाजाची खूण एकाच जागी ठेवून बघितले जातात.

आता बेरीज करा. आशय, स्पष्टता, आवाज मिळून १६ गुण गटाचे. ड्रोन: ४ अधिक ४ अधिक ४, म्हणजे १२. विहिरी: ६ अधिक ३ अधिक २, म्हणजे ११. ड्रोन अजूनही एका गुणाने पुढे आहे. कुणाला हा तक्ता फसला असं वाटेल. मला वाटत नाही. सांगण्याची रीत आणि ऐकू येणं या दोन्ही गोष्टी आम्ही शिकवल्या होत्या आणि त्या त्या मुलांनी कमावल्या होत्या. तक्त्याचं काम आवडत्या गटाला जिंकवण्याचं नाही. १८ आणि ११ मधलं सात गुणांचं अंतर एका गुणावर आलं आणि तो एक गुण कशाचा ते बोट ठेवून दाखवता येऊ लागलं, एवढ्यावर मी समाधानी होते.

उरले गटकामाचे ४. हे व्हिडिओत दिसत नाही, आणि तरी बरेच शिक्षक ते व्हिडिओ बघूनच देतात. चौघंही पडद्यावर दिसले की 'छान गटकाम'. खरं तर चौघांना एकेक वाक्य बोलायला लावणं हा गटकाम नसल्याचा पुरावाही असू शकतो. आणि जी मुलगी कधीच दिसत नाही, तिनेच कदाचित दोर धरलेला असतो. म्हणून हे गुण गटाला न देता प्रत्येकाला वेगळे द्यायचे आणि त्यासाठी पुरावा बाहेरून आणायचा असं ठरवलं.

पुरावे तीन. पहिला, कामाची वही: तारीख, कुणी काय केलं, चौघांच्या सह्या. ती शेवटच्या रात्री एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली असली की लगेच ओळखू येते, शाई आणि अक्षर दोन्ही सांगतात. म्हणून दर शुक्रवारी मी त्यावर तारखेसह सही करते. दुसरा, प्रत्येकाशी तीन मिनिटं एकट्याने बोलणं. 'तू काय केलंस?' हा प्रश्न निरुपयोगी, त्याचं उत्तर पाठ असतं. मी विचारते, 'व्हिडिओतून काय काढून टाकलं आणि का?' जो कामात होता त्याला हे नक्की माहीत असतं. विहिरींच्या गटातल्या चौघांनीही वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं: सहावी विहीर मोजली होती, पण तिच्यात दोर खडकाला अडकायचा, म्हणून ती सोडली.

तिसरा पुरावा चिंचोके. प्रत्येकाला बारा चिंचोके आणि गटातल्या इतर तिघांच्या नावाची तीन पाकिटं. ज्याने जितकं काम केलं तितके त्याच्या पाकिटात टाकायचे, स्वतःला नाहीत. हे मी गुणांत थेट कधीच धरत नाही. मैत्री असते, रुसवे असतात, जातीपातीचे आणि गल्लीचे हिशेब नववीतही असतात. सगळ्यांनी ठरवून चार-चार-चार टाकले तर त्यातून काहीच कळत नाही. पण तिघांनीही एकाच्या पाकिटात नऊ-दहा टाकले की वही पुन्हा उघडून बघावी.

ड्रोनच्या गटात तसंच झालं. तिघांचे मिळून अठ्ठावीस चिंचोके एकाच मुलाच्या पाकिटात होते. काय काढून टाकलं हे फक्त त्याला सांगता आलं. व्हिडिओ त्याने एकट्याने केला होता, अगदी निवेदनासकट. बाकीच्या तिघांना १ गुण देणं सोपं होतं. त्याला किती?

आमच्या तक्त्यात चौथी पायरी होती: ठरलेलं काम वेळेवर केलं आणि दुसऱ्याच्या कामात एकदा तरी मदत केली किंवा घेतली, याचा पुरावा आहे. तिसरी: आपलं काम केलं, देवाणघेवाण नाही. दुसरी: काम वाटून न घेता एकट्याने ओढलं, किंवा आपल्या वाट्याचं अर्धवट सोडलं. पहिली: नावापुरता. त्याला २ मिळाले. वडील शाळेत आले. "सगळं त्यानंच केलं आणि शिक्षा त्यालाच?" त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. पण कष्टाचं मोल त्याला पहिल्या १६ मध्ये मिळालेलंच होतं, उलट तिथे त्याच्या कष्टावर इतर तिघंही जेवले होते. हा चौथा निकष कष्टाचा नव्हताच. तक्ता प्रकल्पासोबत दिला होता, वहीत चिकटवलेला होता, त्यावर त्यांचीच सही होती. तो कागद समोर ठेवल्यावर बोलणं आवाजाकडून मुद्द्याकडे वळलं. एक मात्र मी मान्य केलं: तिघं काहीच करत नाहीत हे त्याने मला दुसऱ्याच शुक्रवारी सांगितलं असतं तर ती मदत मागणं धरून त्याला ३ दिले असते, आणि हे तक्त्यात लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलंय.

विहिरींच्या गटात तिघांना ४ आणि एकाला ३. त्याने आपल्या वाट्याची दोन विहिरींची मोजणी केली, पण इतरांच्या कामात तो कुठे दिसला नाही. त्या दोन म्हणजे साडेअकराच्या. बिचारा रविवारी उशिरा उठतो.

गुण लागल्यावर प्रत्येक गटाला एक आठवडा आणि एक निकष सुधारायची संधी दिली, गटकाम सोडून. विहिरीवाल्यांनी निवेदन गोधड्यांच्या खोलीत पुन्हा केलं, आवाज दुसऱ्यावरून तिसऱ्या पायरीवर गेला. ड्रोनच्या गटातले, या खेपेला चौघंही, ग्रामपंचायतीत पाणी सोडणाऱ्या माणसाला भेटले. टाकी भरायला पंप आता किती तास चालतो आणि मे महिन्यात किती, हे विचारून आले. तारीख सांगायला विसरले, म्हणून आशय तिसऱ्या पायरीवर थांबला. आता गटाचे १४ आणि १२. गटकाम धरून एकट्याने ओढणाऱ्या मुलाचे १६ झाले आणि 'काहून' म्हणणाऱ्या मुलीचेही १६.

तक्त्यात न बसणारं काही ना काही दर वर्षी येतं. एका गटाने विहिरीलाच बोलतं केलं होतं, बादली आपटल्याच्या आवाजात ती खोकायची. त्या कल्पनेसाठी माझ्याकडे रकाना नव्हता. रकाना काढला असता तर पुढच्या वर्षी दहाही गटांच्या विहिरी खोकल्या असत्या. गुणांच्या खाली मी एक मोकळी ओळ ठेवली आहे, तिथे मनापासून लिहिते, पण तिला गुण नाहीत.

वेळेचं विचाराल तर दहा गट, तीन मिनिटांचा एकेक व्हिडिओ. एकदा नुसता, पेन खाली ठेवून बघायचा आणि एकदा तक्ता घेऊन, दुसऱ्या वेळी क्रम उलटा लावून, म्हणजे शेवटच्या गटाच्या वाट्याला दोन्ही वेळा थकलेले डोळे येत नाहीत. हा एक तास. आवाज ऐकायचा अर्धा तास वेगळा. चाळीस मुलांशी तीन-तीन मिनिटं, दोन तास. खरा वेळ इथे जातो आणि तो वाचवावा असं मला वाटत नाही.

तुम्ही शिक्षक असाल तर हा तक्ता जसाच्या तसा उचलू नका. आमची वाक्यं विहिरींची आहेत, तुमचा प्रकल्प कदाचित आठवडी बाजाराचा असेल. मागच्या वर्षीचे दोन व्हिडिओ काढा, एक तुम्हाला आवडलेला आणि एक नावडता. आपली वाक्यं लिहा, शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना द्या आणि दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून गुण द्या. जिथे एका पायरीचाही फरक येईल तिथे त्यांच्याशी वाद घालण्याआधी वाक्य पुन्हा वाचा.